जेवण झाल्या झाल्या गोड का हवंसं वाटतं? आणि जेवण संपवायचं कशाने?

लोलक

जेवण झालेलं असतं, पोट भरलेलं असतं, ताट उचलते आणि हात आपोआप डब्यांकडे जातो. भूक नाही हे मलाही कळत असतं. त्या वेळी कुणी आणखी भात वाढायला आलं तर मी ताटावर हात आडवा धरीन, पण चॉकलेट पुढे केलं तर नाही म्हणवत नाही. हे झालं जेवणानंतरचं. चारच्या सुमाराला पुन्हा तीच ओढ लागते आणि तेव्हा मात्र बिस्किटांचा अर्धा पुडा कधी संपतो ते कळत नाही.

विचाराल म्हणून आधीच सांगते. सकाळी पांढरा ब्रेड, जॅम आणि साखर घातलेला चहा. दुपारी एकला जेवण, त्यात ताटभर पांढरा भात, पातळ डाळ आणि नावाला भाजी. रात्रीचं जेवण बरं असतं. तपासण्या ताज्याच आहेत, साखर ठीक आहे.

जिथे तिथे वाचते की मैदा आणि पांढऱ्या भाताने रक्तातली साखर झपाट्याने चढते, तशीच उतरते आणि म्हणून गोड हवंसं वाटतं. हे खरं असेल तर भात कमी केल्यावर दोन्ही वेळची ओढ थांबायला हवी. थांबेल का? आणि जेवणाचा शेवट कशाने करावा म्हणजे विषय तिथेच मिटेल?

निवांत

चॉकलेटने करावा. मिटला विषय.

खडीसाखर

लोलक, कारण तुम्हीच लिहिलंय की. भात पोटात गेला की साखर चढते, इन्सुलिन धावून येतं, साखर पाडतं आणि मेंदू गोड मागायला लागतो. मी मैदा आणि पांढरा भात पूर्ण बंद केलाय. आता फक्त ब्राउन ब्रेड. तेव्हापासून गोडाकडे बघावंसंही वाटत नाही. एक महिना करून बघा.

कोरा_कागद

पूर्वी लोक भातच खायचे आणि चार वाजता बिस्किटं खात नसत, कारण घरात बिस्किटं नसायची. डबा रिकामा ठेवा. इन्सुलिन वगैरे नंतर बघू.

तिरपी_रेघ

आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे हा प्रश्न जवळजवळ रोज समोर येतो. लोलक यांच्या वर्णनात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळी मंडळी त्यांना एकच समजतायत. घड्याळ बघितलं की त्या सुट्या होतात.

एकला जेवायला बसलात तर निरोगी माणसाच्या रक्तातली साखर साधारण दीड ते दोनच्या दरम्यान सर्वात वर असते. म्हणजे ताट उचलताना ती चढत असते किंवा माथ्याशी असते. ती खाली आलेलीच नसते, मग "साखर पडली म्हणून गोड हवं" हे त्या क्षणाला लागू कसं होईल? खडीसाखर यांचं म्हणणं चारच्या ओढीसाठी बऱ्याच अंशी खरं आहे, सव्वाच्या ओढीसाठी नाही.

सव्वाची ओढ वेगळी. एकाच चवीचं अन्न खात राहिलं की त्या चवीतली गोडी कमी होत जाते, पण न खाल्लेल्या चवींची तशीच राहते. बार्बरा रोल्स आणि एडमंड रोल्स यांनी १९८० च्या सुमाराला माणसांवर हे नीट तपासलं. लोकांना आधी एक पदार्थ पोटभर खाऊ घातला आणि मग बरेच पदार्थ चाखायला देऊन किती आवडतात ते विचारलं. खाल्लेल्या पदार्थाची आवड धाडकन उतरली, इतरांची जवळजवळ हलली नाही. पुढे जेवणात एकामागून एक वेगळ्या चवीचे चार पदार्थ दिल्यावर लोक एकाच पदार्थाच्या जेवणापेक्षा सुमारे ६० टक्के जास्त जेवले. भाताला आडवा हात आणि चॉकलेटला होकार, ही गोष्ट नेमकी हीच. खारट-तिखटाचं मन भरलंय, गोडाचं अजून सुरूच झालेलं नाही.

निवांत

म्हणजे गोडाचा कप्पा वेगळा असतो हे मी लहानपणापासून सांगत आलोय ते बरोबर होतं!

तिरपी_रेघ

निवांत, पोटात नाही, पण मेंदूत तसं काहीसं आहे. २०२५ मध्ये कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटाचा एक शोधनिबंध 'सायन्स'मध्ये आला. मेंदूतल्या ज्या पेशी "पुरे झालं" असा निरोप पाठवतात, त्याच पेशी पोट भरलेल्या उंदरांमध्ये साखर समोर आल्यावर बीटा-एंडॉर्फिन हे सुखावणारं रसायन सोडतात आणि त्यामुळे उंदीर भरल्या पोटी साखर खातात. तो मार्ग अडवला तर पोट भरलेले उंदीर साखर सोडून देतात. उपाशी उंदरांना मात्र अडवण्याने काही फरक पडत नाही. माणसांमध्येही साखरेचं पाणी दिल्यावर मेंदूचा तोच भाग प्रतिसाद देताना दिसला. पण उंदरांवरून थेट तुमच्या डब्यापर्यंत उडी मारू नका. एवढंच घ्या की भरल्या पोटी गोड हवंसं वाटणं हा कमकुवत मनाचा पुरावा नाही.

खडीसाखर

अभ्यास काहीही म्हणू देत, मला मैदा सोडल्यावर फरक पडला हे खरं आहे. तो मनाचा खेळ होता का?

तिरपी_रेघ

फरक पडला असणारच, मी नाकारत नाही. पण तो दुपारनंतर पडला की जेवणाच्या शेवटी? आणि ब्राउन ब्रेडबद्दल एक सांगते. पाकिटावर घटकांची यादी असते, तिच्यात पहिलं नाव मैद्याचं असेल तर रंग बहुधा कॅरॅमलचा. आणि खरोखर अख्ख्या गव्हाच्या पिठाचा असला तरी पीठ अगदी बारीक दळलेलं असतं, त्यामुळे रक्तातली साखर चढण्याच्या बाबतीत तो पांढऱ्या ब्रेडच्या अगदी जवळ येतो. कोंड्याचे इतर फायदे आहेतच. पण दाण्याची रचना एकदा मोडली की आतला स्टार्च लगेच हाती लागतो. ब्रेडमध्ये अख्खे किंवा भरडलेले दाणे दाताखाली येत असतील तर फरक दिसतो.

खडीसाखर

पाकीट बघितलं. पहिलं नाव मैद्याचंच आहे. 😑 तरीही फरक पडला होता.

निवांत

महिनाभर मैदा सोडल्याबद्दल अभिनंदन!

मधमाशी

मी जेवणानंतर एक मोठा चमचा मध घेते. नैसर्गिक आहे, पचनालाही चांगला. साखरेऐवजी मध आणि सुकामेवा घ्या, ओढ हळूहळू कमी होते.

कोरा_कागद

मधमाशी या नावाच्या सदस्याने मधाची शिफारस करणं यात हितसंबंध गुंतलेले दिसतात.

तिरपी_रेघ

मधमाशी, मोठा चमचाभर मध म्हणजे साधारण २१ ग्रॅम आणि त्यातले १७ ग्रॅम साखरच. जागतिक आरोग्य संघटना फळं आणि दुधाव्यतिरिक्तची जी साखर मर्यादेत ठेवायला सांगते, त्यात मधही मोजतात. शक्य असल्यास दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास, असं त्यांचं म्हणणं. तुमचा तो एक चमचा त्यातला दोन तृतीयांश वाटा घेऊन जातो. त्यापेक्षा ७० टक्के कोकोच्या चॉकलेटचा १० ग्रॅमचा तुकडा घेतलात तर साखर ३ ग्रॅमच्या आसपास. मध आवडतो म्हणून खाल्लात तर माझं काही म्हणणं नाही, पण औषध म्हणून नको.

मधमाशी

१७?? बरं. लहान चमचा घेते.

आजोबा_दुसरे

माझाही अनुभव लिहितो. मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. दुपारी चार-साडेचारला मलाही अशीच गोडाची जबरदस्त ओढ लागते. हात थरथरतात, घाम येतो, चिडचिड होते. मुलगी म्हणते की सवय आहे, पाणी पिऊन वीस मिनिटं थांबा म्हणजे जाईल. जेवणानंतर काय खाल्लं तर ही ओढ टळेल?

तिरपी_रेघ

आजोबा, तुमचा प्रश्न या धाग्यातला नाही आणि जास्त महत्त्वाचा आहे. थरथर आणि घाम आला की थांबू नका. ग्लुकोमीटर हाताशी असेल तर लगेच बोट टोचून बघा. ७० च्या खाली असेल तर ती साखर खरोखर उतरलेली आहे. साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन लहान चमचे पाण्यात विरघळवून लगेच घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि आकडा वर आला नसेल तर पुन्हा घ्यायची. मीटर नसेल तर न मोजताच घ्या. अशा वेळी चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा पोहोचते. साखर वर आली आणि पुढचं जेवण लांब असेल तर थोडं काही खाऊन ठेवा.

ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या जेवण कमी पडलं किंवा लांबलं तर साखर खाली नेऊ शकतात. आकडे आणि वेळा लिहून याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, गोळीची मात्रा किंवा वेळ बदलावी लागेल. वीस मिनिटं थांबण्याचा सल्ला तुमच्यासाठी नाही. मुलीलाही हे वाचायला द्या.

आजोबा_दुसरे

मीटर कपाटात पडून होतं. पट्ट्यांची मुदत संपलीय. नव्या मागवतो आणि तोवर साखर खिशात ठेवतो.

दातकोरणं

दंतवैद्याच्या खुर्चीजवळून दोन शब्द. गोड खायचंच असेल तर जेवणाला लागूनच खा. तोंडात लाळ भरपूर असते आणि दातांवर आम्लाचा हल्ला जेवणाचा आणि गोडाचा मिळून एकदाच होतो. तेच बिस्किट चार वाजता, मग पाचला अर्धं, मग चहाबरोबर, असं चालू राहिलं की दर वेळी नवा हल्ला. आमच्या दृष्टीने प्रमाणाइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व किती वेळा खाल्लं याला आहे.

आणि "जेवण संपलं की दात घासा, मग गोड नको वाटेल" ही युक्ती चालते. टूथपेस्टमधला फेस आणणारा घटक जिभेला गोड कमी लागू देतो आणि कडू वाढवतो. दात घासून संत्र्याचा रस प्यायलेल्यांना हे माहीत असेल. पण जेवणात आंबट फळ, लिंबू वगैरे असेल तर लगेच घासू नका. आम्लाने मऊ झालेलं एनॅमल ब्रशने झिजतं. अर्धा तास जाऊ द्या, तोवर नुसत्या पाण्याने चूळ भरा.

निवांत

अर्ध्या तासात माझं चॉकलेट खाऊन होतं.

रानफूल

गुडमारचं पान चावून बघितलंय का कुणी? त्यानंतर साखर तोंडात टाकली तर वाळू चघळल्यासारखी लागते. मी एकदा गंमत म्हणून केलं होतं. जेवणानंतर पान चावायचं, ओढच मरते.

तिरपी_रेघ

चव जाते हे खरंय, गुडमारातली आम्लं जिभेवरच्या गोडाच्या ग्राहींना काही काळ, अर्धा तास किंवा त्याहून थोडं जास्त, अडवून धरतात. गंमत म्हणून पान चावणं वेगळं, पण त्याच्या गोळ्या मधुमेहाच्या औषधांबरोबर स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत, साखर आणखी उतरू शकते. आजोबा, हे तुम्हाला उद्देशून.

कोरा_कागद

पान चावा, दात घासा, चूळ भरा. जेवणापेक्षा जेवण संपवायलाच जास्त वेळ लागणार. मला एक कळत नाही, साखरेचं व्यसन असतं असं म्हणतात ना? मग थोडं थोडं खाऊन कसं सुटेल? दारूड्याला आपण रोज एक घोट देतो का?

तिरपी_रेघ

त्यावर एकमत नाही. उंदरांना तासन् तास उपाशी ठेवून मग साखरेचं पाणी दिलं की व्यसनासारखं वागणं दिसतं, पण माणसांना निव्वळ साखरेचं व्यसन लागतं असं म्हणण्याइतका पुरावा मला पटत नाही. काही जणांना पूर्ण बंद करणं सोपं जातं, काहींना बंदी घातली की तेच डोक्यात घोळतं. आपण कुठल्या गटात आहोत हे करूनच कळतं. लोलक कुठल्या गटात आहेत ते त्यांनी सांगावं.

लोलक

बंदी घातली की मी दुप्पट खाते, हे नक्की.

तिरपी_रेघ, घड्याळाचा मुद्दा डोक्यात बसला, म्हणून काही दिवस वेळा लिहून ठेवल्या. तुम्ही म्हणता तसंच निघालं. पहिली ओढ जेवण संपल्यावर लगेच, आणि ती काय खाल्लं यावर अवलंबून नाही. रात्री भात नसतो तेव्हाही येते. दुसरी ओढ पावणेचार ते सव्वाचारमध्ये, आणि ती फक्त भाताच्या दिवशी जोरात. एका दिवशी कामामुळे दुपारी उकडलेली अंडी, भाजी आणि थोडाच ब्रेड एवढंच जमलं, तर चार वाजून गेले तरी बिस्किटांची आठवण झाली नाही. हे योगायोगाने झालं की खरंच?

तिरपी_रेघ

एका दिवसावरून काही सांगता येत नाही, पण दिशा बरोबर आहे. २०२१ मध्ये 'नेचर मेटाबॉलिझम'मध्ये हजारावर निरोगी लोकांचा एक अभ्यास आला. सगळ्यांना ठरवून दिलेले नाश्ते दिले आणि दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावला. साखर किती वर गेली यावरून पुढच्या भुकेचा फारसा अंदाज येत नव्हता. खाल्ल्यानंतर दोन ते तीन तासांनी ती मूळ पातळीच्या किती खाली गेली, यावरून येत होता. ज्यांची खोल जायची त्यांना भूक जास्त लागायची, ते पुढचं खाणं अर्धा तास आधी सुरू करायचे आणि दिवसभरात सुमारे ३०० कॅलरी जास्त खायचे. तुमचं जेवण एकला आणि ओढ चारच्या आसपास, वेळ जुळते.

पण तेच अन्न खाऊनही काहींची साखर खाली जात नव्हती. म्हणून "पांढरा भात खाल्ला की सगळ्यांना असं होतं" असं मी म्हणणार नाही. तुम्हाला होतंय असं दिसतंय.

आता करून बघायचं असेल तर एका वेळी एकच बदल. भात बंद करू नका, निम्मा करा. जी जागा रिकामी होईल तिथे डाळ घट्ट करून वाटीभर, आणि भाजी दुप्पट. ताटात बसल्यावर आधी भाजी आणि डाळीचे चार घास, भात शेवटी. क्रमाचाही परिणाम होतो. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये २०१५ मध्ये मधुमेह असलेल्या अकरा जणांना एकच जेवण दोनदा दिलं. एकदा ब्रेड आणि रस आधी, एकदा भाजी आणि चिकन आधी. भाजी-चिकन आधी खाल्लं तेव्हा एका तासानंतरची साखर ३७ टक्के कमी होती. अकराच माणसं आणि तीही मधुमेही, त्यामुळे तोच आकडा तुमच्यावर लावू नका, पण क्रम बदलायला काहीच लागत नाही.

लोलक

आणि जेवणानंतरच्या ओढीचं? ती यातून जाणार नाही म्हणता.

तिरपी_रेघ

नाही जाणार, कारण ती साखरेची नाहीच. तिथे दोनच गोष्टी कामाला येतात. एक, तोंडाला चव बदलून मिळणं. दोन, आता खाणं संपलं अशी खूण.

चव बदलायला गोडच हवं असं नाही. आंबट दही, संत्र्याच्या फोडी, कोरा कडू चहा किंवा कॉफी, काहीही चालतं, फक्त जेवणापेक्षा वेगळं हवं. फळ घेतलंत तर अख्खं चावून खा, रस नको. १९७७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेला एक जुना प्रयोग मला फार आवडतो. दहा जणांना सफरचंद तीन रूपांत दिलं, अख्खं, कुस्करलेलं आणि रस करून. कर्बोदकं तिन्हींत सारखीच. रस अख्ख्या सफरचंदापेक्षा अकरा पट वेगाने संपला, पोट कमी भरल्यासारखं वाटलं आणि नंतर साखर झपाट्याने खाली आली. अख्ख्या सफरचंदाने तसं झालं नाही.

आणि फक्त गोडच हवं आहे की भूक आहे हे ओळखायचं असेल तर स्वतःला विचारा, समोर उकडलेलं अंडं किंवा उरलेली डाळ ठेवली तर खाईन का? उत्तर हो असेल तर जेवण कमी पडलंय, आणखी जेवा. नाही असेल तर नुसती चव हवी आहे, थोड्यात भागेल.

कोरा_कागद

उरलेल्या डाळीची कसोटी भारी आहे. बायकोला सांगितली. ती म्हणाली की मग तू आयुष्यात कधी भुकेला नव्हतासच.

सुतळी_बॉम्ब

मी जेवण झाल्यावर चालायला जातो. फार नाही, दहा-पंधरा मिनिटं. परत येईपर्यंत ओढ गेलेली असते. शतपावली म्हणा हवं तर.

तिरपी_रेघ

चांगलं आहे. चालताना स्नायू साखर वापरतात म्हणून चढ कमी होतो, आणि डब्यापासून लांब गेल्याने दुसरं कामही होतं. किती वाटा कशाचा हे सांगणं अवघड.

खडीसाखर

पण डबा घरी परत आल्यावर तिथेच असतो ना! आणि शुगर-फ्री च्युइंग गम? मला त्याने बरं वाटतं.

दातकोरणं

दातांसाठी चांगलाच, लाळ वाढते. पण सॉर्बिटॉल हा साखरेऐवजीचा गोड घटक असलेला गम दिवसभर चघळलात तर पोट बिघडेल. एखादा पुरे.

लोलक

कळवायचं होतं. भात निम्मा आणि भाजी आधी, हे आता अंगवळणी पडलंय. चारची ओढ खरंच उतरली. पूर्ण गेली नाही, पण अर्ध्या पुड्याऐवजी कधी एक बिस्किट, बऱ्याचदा नुसता चहा. सकाळी जॅम-ब्रेडऐवजी अंडं आणि ब्रेड खाते. त्याने अकराची ती एक ओढ होती, जी मी इथे लिहिलीही नव्हती, तीसुद्धा गेली.

जेवणानंतरची मात्र हट्टी आहे. दही खाल्लं, त्याने भागलं नाही. कोऱ्या कॉफीने भागलं, पण दुपारी उशिरा घेतली की रात्री झोप उडते. संत्र्याने बरंच जमतं. पण काही दिवस संत्रं खाऊनही चॉकलेट हवंच असतं.

निवांत

मग संत्रं चॉकलेटमध्ये बुडवा. 😋

तिरपी_रेघ

निवांत यांची थट्टा वाटते, पण मी तेच सांगणार होते. ज्या दिवशी हवंच असेल त्या दिवशी जेवणाला लागूनच, बसून, दहा ग्रॅमचा तुकडा खा. पुडा टेबलावर आणायचा नाही, तुकडा तोडून बाकीचं आत ठेवून मग बसायचं. डाळ-भाजीच्या जेवणावर ३ ग्रॅम साखर पोटात हळूहळू उतरते. तीच गोष्ट दुपारी रिकाम्या पोटी, कामाकडे बघत, पुड्यातून खाल्ली की प्रमाणही राहत नाही आणि उतरणंही झटपट. त्यामुळे जेवणानंतरची ओढ पुरती मारायच्या मागे लागू नका. चारची गेली हेच मोठं काम झालंय.

खडीसाखर

मला हे पटत नाही. रोज तुकडा खाल्ला की मेंदूला सवयच लागते, जेवण म्हणजे शेवटी गोड. मी तर म्हणेन काही आठवडे पूर्ण तोडून बघा, मग संत्रंसुद्धा फार गोड लागायला लागतं. मला तसं झालं.

तिरपी_रेघ

सवय लागते, हे बरोबर आहे. म्हणूनच मी "रोज" म्हटलं नाही, "हवंच असेल त्या दिवशी" म्हटलं. आणि गोड कमी केल्यावर तेच गोड जास्त तीव्र लागतं असं काही प्रयोगांत दिसलंय, काहींत नाही. तुमची पद्धत तुम्हाला लागू पडली. लोलक यांनी वर लिहिलंय की बंदी घातली की त्या दुप्पट खातात.

लोलक

खडीसाखर, तुम्ही संत्र्यावर थांबू शकता याचा मला हेवा वाटतो.

आजोबा_दुसरे

अवांतर, पण सांगायलाच हवं. पट्ट्या आल्या. चार वाजता थरथर झाली तेव्हा ५८ निघाली. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड निम्मी केली आणि दुपारचं जेवण चुकवू नका म्हणून दम दिला. गोडाची ओढ आता नाही. मुलगी आता म्हणते की ती आधीपासूनच मोजा म्हणत होती.

तिरपी_रेघ

५८ म्हणजे बरंच खाली. बरं झालं मोजलंत. पुढचे काही दिवस सकाळची आणि चारची दोन्ही लिहीत राहा, मात्रा कमी केल्यावर सकाळची वाढलीय का तेही डॉक्टर बघतील.

पाऊलखूण

धागा उशिरा बघितला. माझं सगळं वेगळंच आहे. जेवणानंतर काही नाही, चारला काही नाही. रात्री साडेदहा-अकराला मात्र फ्रिजसमोर उभी असते आणि तेव्हा हातात येईल ते गोड खाते. दुपारी सॅलड खाते, रात्री साडेसातला सूप आणि फळ. पिष्ट जवळजवळ नाहीच. मग ही ओढ कशाची?

कोरा_कागद

उरलेली डाळ दाखवा तिला. खाल्ली तर कळेल.

पाऊलखूण

डाळ? गेल्या आठवड्यात फ्रिजसमोर उभ्यानेच गार डाळ खाल्ली होती. वाटीभर.

तिरपी_रेघ

मग तुम्हाला गोडाची ओढ नाहीच, भूक आहे. दिवसभरात अन्न कमी पडतंय आणि शरीर त्याची वसुली रात्री अकराला करतंय. गोड हाताला लागतं कारण फ्रिजमध्ये तेच तयार असतं. रात्रीच्या सुपाबरोबर डाळ किंवा अंडी आणि थोडा भात घ्या, दुपारच्या सॅलडमध्ये वाटीभर उकडलेलं कडधान्य घाला. पहिले काही दिवस गोडाकडे लक्षच देऊ नका, फक्त अकराला भूक लागते का ते लिहा. आणि झोप किती होते तेही कळवा. कमी झोपेनंतर दुसऱ्या दिवशी भूक वाढते, आणि तुम्ही अकराला उभ्या असता म्हणजे झोपायला बारा वाजत असणार.